‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती गुड?

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ क्वालालंपूरहून पर्थकडे निघालं होतं. लंडनहून ऑकलंडला जाणारी ही फ्लाइट वाटेत आपल्या मुंबईलाही थांबून पुढे गेली होती. जावा बेटाच्या दक्षिणेला, ३७,००० फुटांवर, ते विमान गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. राख विमानातल्या हवामान रडारवर दिसत नाही, कारण ती कोरडी असते. आधी पंखांच्या कडांवर पांढरी-निळी झळाळी दिसू लागली, मग केबिनमध्ये गंधकाच्या वासाचा धूर भरला आणि पाठोपाठ चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी माइक हातात घेतला आणि प्रवाशांना सांगितलं, “लेडीज अँड जंटलमन, मी तुमचा कॅप्टन बोलतोय. आपल्याला एक छोटीशी अडचण आली आहे. चारही इंजिनं थांबली आहेत. ती परत सुरू करण्यासाठी आम्ही शर्थीचे प्रयत्न करतो आहोत. तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे.” विमान तरंगत तरंगत १३,००० फुटांच्या आसपास आल्यावर राखेतून बाहेर पडलं, इंजिनं एकेक करून सुरू झाली आणि काचा खरवडून धुरकट झालेल्या अवस्थेत ते जकार्ताला उतरलं. विमानातले सगळे २६३ लोक वाचले.

यातले ‘स्मॉल प्रॉब्लेम’ हे दोन शब्द ब्रिटिश स्वभावाचा नमुना म्हणून आजही सांगितले जातात. मला त्यांच्यापुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘छोटीशी अडचण’ म्हटल्यावर कॅप्टनने लगेच वस्तुस्थितीही सांगून टाकली: चारही इंजिनं थांबली आहेत. त्यात काही झाकलं नाही, काही कमी केलं नाही. नरम केला तो फक्त सूर. त्याच मिनिटांत कॉकपिटमधून दुसरा एक संदेश जात होता आणि त्यात तर एवढाही नरमपणा नव्हता. सहवैमानिक रॉजर ग्रीव्ह्ज यांनी जकार्ताच्या नियंत्रण कक्षाला ‘मेडे’ ही संकटाची हाक देऊन चारही इंजिनं बंद पडल्याचं कळवलं. तरी गफलत झालीच. जकार्ताला वाटलं, चार नंबरचं इंजिन बंद पडलंय. जवळून जाणाऱ्या गरुडा इंडोनेशियाच्या विमानाने मध्ये पडून निरोप पुन्हा सांगितला, तेव्हा कुठे तो नीट पोचला. म्हणजे एकाच कॉकपिटमध्ये, एकाच वेळी, दोन वेगळ्या भाषा चालू होत्या. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्या प्रवाशांसाठी एक, आणि ज्यांना काहीतरी करायचं होतं त्यांच्यासाठी दुसरी. गोष्ट कमी करून सांगण्याची ब्रिटिश सवय कधी तारते आणि कधी मारते, हे समजायला हा फरक पुरेसा आहे.

मारते कधी, याचं उदाहरण एकतीस वर्षं आधीचं आहे. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातल्या इमजिन नदीकाठी ब्रिटिश २९ ब्रिगेडवर चिनी सैन्याचा प्रचंड हल्ला झाला. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन डाव्या टोकाला होती. २२ तारखेच्या रात्री लढाई पेटली आणि पुढच्या दोन दिवसांत ही बटालियन एका टेकडीवर चहूबाजूंनी वेढली गेली. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांचे वरिष्ठ अमेरिकन होते, मेजर जनरल रॉबर्ट सोल. परिस्थिती कशी आहे असं त्यांनी विचारल्यावर ब्रॉडींनी दिलेलं उत्तर पुढे फार गाजलं: “थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.” ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी, चालू लढाईत, याचा अर्थ ‘आम्ही बुडतोय’ असा होतो. अमेरिकन कानाला ऐकू आलं ते एवढंच, की जरा त्रास आहे, पण निभावतंय. बटालियनचे ५०० हून अधिक सैनिक अखेर कैद झाले. सगळं त्या एका वाक्यामुळे झालं असं म्हणणं मात्र अन्याय होईल. २४ तारखेला रणगाडे घेऊन सुटकेचा प्रयत्न झाला होता आणि तो दरीतल्या अरुंद रस्त्यावर अडला. पण ब्रॉडींच्या वाक्यात काय नव्हतं ते बघा. किती माणसं उरलीत, दारूगोळा किती आहे, शत्रू कुठल्या कुठल्या बाजूला आहे, यातलं काहीच नाही. मूडींच्या ‘छोट्याशा अडचणी’ला लागून चार इंजिनांचा आकडा होता. ब्रॉडींच्या ‘अ बिट स्टिकी’ला लागून काहीच नव्हतं.

सूर नरम आणि तपशील गायब, इथे घात होतो.

आता हे शब्द चालतात कसे ते बघू. ‘नॉट बॅड’पासून सुरुवात करायची, कारण तिथे मराठी माणूस हमखास फसतो. आपण मनात त्याचं ‘वाईट नाही’ करतो, आणि मराठीत ‘वाईट नाही’ म्हणजे चालेल, ढकलू. ब्रिटिश तोंडी मात्र ‘नॉट बॅड’ हा बऱ्याचदा शाबासकीचा शब्द असतो आणि ‘नॉट बॅड अॅट ऑल’ तर नक्कीच. यॉर्कशायरकडचा एखादा जुना सुतार तुम्ही बसवलेला दरवाजा दोनदा उघडझाप करून, चौकटीवरून बोट फिरवून, ‘नॉट बॅड, दॅट’ एवढंच म्हणाला, तर त्याच्याकडून मिळणारी ही जवळजवळ वरची पावती आहे. याहून जास्त तो बोलणार नाही. गंमत अशी, की ही रीत आपल्याला परकी मुळीच नाही. ‘ही काही थोडीथोडकी रक्कम नव्हे’ असं आपण म्हणतो तेव्हा रक्कम बख्खळ असते. ‘तो काही साधासुधा माणूस नाही’ म्हणजे तो बडा आहे किंवा बेरकी आहे. ‘तिच्या घरी काही कमी नाही’ म्हणजे घर भरलेलं आहे. खालच्या टोकाला नकार द्यायचा आणि ऐकणाऱ्याला थेट वरच्या टोकाला नेऊन ठेवायचं, ही युक्ती मराठीत रोजच्या वापरातली आहे. आपण ती पैसा, माणसं, संकटं यांच्यासाठी वापरतो. ब्रिटिश माणूस ती कौतुकासाठीही वापरतो, एवढाच फरक. शब्दाला शब्द लावून ‘वाईट नाही’ करण्याऐवजी ‘थोडंथोडकं नव्हे’ हा साचा डोक्यात ठेवला, तर कान लवकर तयार होतो.

यातही पायऱ्या आहेत आणि त्या उलट्यासुलट्या आहेत. ‘नॉट बॅड’मध्ये ‘टू’ हा छोटा शब्द घातला की ‘नॉट टू बॅड’ होतं, आणि कौतुक खाली उतरतं. ‘हाउ आर यू?’ला ‘नॉट टू बॅड’ हे उत्तर आपल्या ‘चाललंय’सारखं असतं; त्यातून तब्येतीबद्दल काहीही कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नसते. मात्र दात काढून आलेला माणूस तेच ‘नॉट टू बॅड’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘दुखलं, पण वाटलं होतं तेवढं नाही’ असा. म्हणून नकाराच्या या शब्दांबाबत आधी एक बघायचं: बोलणाऱ्याची अपेक्षा काय होती? अपेक्षा चांगल्याची होती आणि ‘नॉट बॅड’ आलं, तर ते साधं कौतुक. अपेक्षाच नव्हती आणि आलं, तर ते मोठं कौतुक. अपेक्षा वाईटाची होती, तर तो सुटकेचा श्वास.

‘क्वाइट’चं प्रकरण याच्या बरोबर उलटं आहे आणि जास्त नुकसान तेच करतं. हा शब्द एकच असला तरी त्याची कामं दोन आहेत. ज्या गुणाला कमी-जास्त होता येतं, म्हणजे चांगलं, रंजक, उपयोगी, त्याच्यापुढे ‘क्वाइट’ आला की तो गुण खाली ओढला जातो. ‘क्वाइट गुड’ म्हणजे बऱ्यापैकी. ज्या गुणाला मधली पायरीच नसते, म्हणजे बरोबर, अशक्य, निश्चित, त्याच्यापुढे तोच शब्द आला की तो ‘पूर्णपणे’ होतो. ‘क्वाइट राइट’ म्हणजे अगदी बरोबर, ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे साफ अशक्य. त्यामुळे एका बैठकीत कुणी ‘युवर आयडिया इज क्वाइट गुड’ म्हणाला आणि लगेच ‘बट द डेडलाइन इज क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणाला, तर पहिल्या वाक्यात कल्पना अर्धी झाली आणि दुसऱ्या वाक्यात ती मेली. अमेरिकन इंग्रजीत ‘क्वाइट गुड’ वरच्या दिशेला जातं, ‘खूपच छान’कडे. आपण शाळा-कॉलेजात जे इंग्रजी शिकतो आणि ऑफिसात वापरतो, त्यातही ‘क्वाइट’ बहुतेकदा ‘खूप’सारखाच येतो. म्हणून पुण्याचा इंजिनिअर आणि शिकागोचा इंजिनिअर लंडनच्या मॅनेजरकडून ‘क्वाइट गुड’ ऐकून सारख्याच आनंदाने बाहेर पडतात, आणि मॅनेजर मात्र काम परत कुणाकडे द्यावं याचा विचार करत बसतो.

समोरासमोर बोलणं असेल तर आवाजावरून बरंच काही कळतं. जोर ‘क्वाइट’वर असेल आणि ‘गुड’वर सूर खाली जाऊन शेवटी पुन्हा किंचित वर आला, तर त्या वर गेलेल्या शेपटीत एक ‘पण’ दडलेला असतो. तो ‘पण’ बोलला जाईलच असं नाही. जोर ‘गुड’वर असेल आणि सूर सरळ खाली येऊन थांबला, तर ते कौतुक आहे, आणि पुढे ‘अॅक्चुअली’ जोडलं तर त्यात थोडं आश्चर्यही आहे. मराठीत हे काम आपण ‘च’ने करतो. ‘बऱ्यापैकी चांगलं झालंय’ आणि ‘चांगलंच झालंय’ यांत जे अंतर आहे, तेच ब्रिटिश माणूस फक्त जोराची जागा बदलून दाखवतो. ‘रिअली क्वाइट गुड’ आणि ‘रादर गुड’ ही दोन्ही कौतुकाच्या बाजूची आहेत. ‘रिअली’ आणि ‘रादर’ ‘क्वाइट’सारखे खाली ओढत नाहीत. ईमेलमध्ये सूर नसतो, तेव्हा पुढचं वाक्य वाचायचं. कौतुक नेमक्या गोष्टीचं झालं असेल, म्हणजे ‘तिसऱ्या पानावरची तुलना क्वाइट गुड आहे, ती ग्राहकाला दाखवू या’ असं असेल, तर ते खरं. पुढे काहीच नसेल, किंवा लगेच ‘आय वंडर इफ’ आलं असेल, तर खरा निरोप त्या ‘आय वंडर इफ’नंतर सुरू होतो.

एक गोष्ट मात्र नवख्याला गोंधळात पाडते. हेच लोक दिवसभर ‘ब्रिलियंट’, ‘लव्हली’, ‘परफेक्ट’ म्हणत असतात. डॉक्टरांच्या रिसेप्शनवर तुम्ही जन्मतारीख सांगितली तर ‘ब्रिलियंट’. कॅफेत पैसे दिले तर ‘लव्हली’. फॉर्मवर सही केली तर ‘परफेक्ट’. मग हे लोक गोष्टी कमी करून सांगतात कुठे? उत्तर असं, की छोट्या गोष्टी ते फुगवतात आणि मोठ्या गोष्टी ते दाबतात. जिथे काहीच पणाला लागलेलं नसतं तिथे विशेषणांची उधळण असते, कारण तिथे ती फक्त सौजन्याची नाणी असतात. जिथे खरंच काही पणाला लागलेलं असतं, म्हणजे प्रबंध, बढती, छातीत दुखणं, नातं, मृत्यू, तिथे ‘अ बिट’, ‘स्लाइटली’, ‘परहॅप्स’, ‘नॉट आयडियल’ सुरू होतात. म्हणून विशेषण किती मोठं आहे यापेक्षा विषय किती मोठा आहे ते आधी पाहावं. विषय मोठा आणि शब्द छोटा, हा धोक्याचा बावटा आहे. अर्थात सगळे ब्रिटिश एका साच्यातले नाहीत. लंडनमध्ये वाढलेली पंचविशीतली मुलगी आणि यॉर्कशायरमधला सत्तरीचा शेतकरी यांच्यात या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. पण मोठ्या विषयावर शब्द लहान करण्याची सवय वय, वर्ग, प्रांत ओलांडून बऱ्याच ठिकाणी भेटते.

आपल्याकडची अनेक मुलं दरवर्षी एक वर्षाच्या मास्टर्ससाठी ब्रिटनला जातात आणि त्यांना हा फटका सगळ्यात आधी बसतो तो अभिप्रायातून. तिथली मोजपट्टीच आधी समजून घ्यावी लागते. मास्टर्सला साधारणपणे ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. ७२ गुण म्हणजे फार उत्तम काम. ८५ क्वचितच कुणाला मिळतात. ज्याने बारावीला ९१ टक्के पाहिलेत त्याला ६८ बघून धक्का बसतो, आणि ते ६८ मिळवणारा अभ्यासक्रमातल्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी असतो. म्हणजे गुणांतही तीच शब्दांतली रीत उतरलेली आहे.

समजा, एका विद्यार्थिनीने प्रबंधाचा कच्चा मसुदा मार्गदर्शकाला पाठवला आणि उत्तर असं आलं: ‘थँक यू, धिस इज क्वाइट अ गुड स्टार्ट. द लिटरेचर रिव्ह्यू इज रीझनेबली थरो, इफ अ लिटल डिस्क्रिप्टिव्ह. यू मे विश टु रिव्हिजिट चॅप्टर थ्री. आय हॅव जस्ट अ फ्यू मायनर कमेंट्स इन द मार्जिन.’ तिने घरी फोन करून सांगितलं, की सरांना आवडलं, थोडे बारीक बदल आहेत. आता हेच ओळीओळीने बघा. ‘गुड स्टार्ट’ हा शब्द संपत आलेल्या कामाला वापरलाय, म्हणजे त्यांच्या लेखी काम अजून सुरूच झालेलं नाही. ‘रीझनेबली थरो’ म्हणजे काही महत्त्वाचे संदर्भ राहिलेत. ‘अ लिटल डिस्क्रिप्टिव्ह’ हे सगळ्यात जड वाक्य आहे आणि ते सगळ्यात हलकं लिहिलंय. कुणी काय म्हटलं याची नुसती जंत्री आहे, त्यांच्यात वाद कुठे आहे आणि तुझं मत काय, हे त्यात कुठेच नाही, असा त्याचा अर्थ. मास्टर्सला पन्नाशीत अडकलेल्या कामांचं हे नेहमीचं दुखणं आहे, कारण साठच्या वर जायला विश्लेषणच लागतं. ‘यू मे विश टु’ म्हणजे कर. तिसरं प्रकरण पुन्हा लिही. आणि ‘फ्यू मायनर कमेंट्स’ किती आहेत ते त्या शब्दावर ठरवू नये. समासातल्या टिपा उघडून मोजाव्यात. पानोपानी टिपा असतील तर त्या बारीक नाहीत.

मार्गदर्शक इथे खोटं बोललेला नाही. प्रत्येक दोष त्याने सांगितलाय, जिथे आहे तिथेच सांगितलाय. त्याचा हिशेब असा, की दोष नरम शब्दांत सांगितला तर विद्यार्थी हिरमुसणार नाही आणि समजायचं ते समजेलच. हा हिशेब ब्रिटनमध्ये शाळा झालेल्या मुलांच्या बाबतीत बरोबर येतो. आपल्या मुलीने अशा वेळी एकच करावं. ‘इज इट ओके?’ असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर ‘यस, फाइन’ हेच येणार. त्याऐवजी उत्तराला आकार पडेल असा प्रश्न विचारावा: हा मसुदा आज जमा केला तर तो पन्नाशीत बसेल की साठीत? काही विद्यापीठांत मसुद्यावर गुणांचा अंदाज द्यायला मनाई असते. तिथे विचारावं, की एकच प्रकरण सुधारायला वेळ असेल तर कुठलं सुधारू? हा प्रश्न टाळणं मार्गदर्शकाला अवघड जातं आणि बहुतेकदा तो टाळतही नाही. नेमकं विचारलं की ब्रिटिश माणूस नेमकं सांगतो, हा अनुभव पुष्कळांचा आहे. नरम बोलणं हा त्याचा पहिला सूर असतो. त्याच्याखाली दुसरा असतो आणि तो मागावा लागतो.

पण प्रबंधात फार तर गुण जातात. वॉर्डात जीव जाऊ शकतो, आणि महाराष्ट्रातून, केरळातून, सगळ्या भारतातून गेलेले डॉक्टर आणि नर्सेस ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत या भाषेशी रोज झुंजत असतात. ‘पुअर्ली’ या एका शब्दाकडे बघितलं तरी पुरे. घरात मूल सर्दीने बेजार असलं की ते ‘अ बिट पुअर्ली’ असतं. शाळेला सुट्टी, गरम सूप, संपलं. तोच शब्द वॉर्डातल्या सिस्टरच्या तोंडी आला आणि तिने नातेवाइकांना रात्री फोन करून ‘ही इज क्वाइट पुअर्ली, यू मे वाँट टु कम इन’ असं सांगितलं, तर पेशंट कदाचित सकाळ बघणार नाही. आपल्याकडे गावाहून ‘आबांचं जरा जास्त आहे, निघून या’ असा फोन येतो तेव्हा ‘जरा’ हा शब्द कुणी ऐकत नाही, ‘निघून या’ ऐकतात आणि गाडी काढतात. इथेही ‘कम इन’ ऐकायचं असतं. ब्रिटनमध्ये नवीन असलेल्या डॉक्टरने नर्सकडून ‘आय अॅम अ बिट वरीड अबाउट बेड सिक्स’ ऐकलं, तर हातातलं काम ठेवून बेड सहाकडे जावं. अनुभवी नर्स ‘अ बिट वरीड’ हे शब्द उगाच खर्च करत नाही.

पेशंटचं बोलणं तर आणखी दाबलेलं असतं, विशेषतः ज्येष्ठांचं. ‘सॉरी टु बॉदर यू, डॉक्टर’ने सुरुवात होते. छातीत ‘अ बिट ऑफ अ ट्विंज’ असतो, म्हणजे कळ. काल ‘अ फनी टर्न’ आला होता, म्हणजे चक्कर, मिनिटभर शुद्ध हरपणं, किंवा छोटा पक्षाघात, काहीही. ‘किती दुखतंय?’ विचारलं तर ‘नॉट टू बॅड’. शून्य ते दहात सांगा म्हटलं तर चार, आणि चेहरा घामाने डबडबलेला. तेव्हा अशा पेशंटला दुखण्याबद्दल विचारण्यापेक्षा हालचालीबद्दल विचारावं. परवा जिना चढलात का? काल चढलात का? मध्ये थांबावं लागलं का? रात्री कुठे झोपलात, पलंगावर की खुर्चीत? कुत्र्याला फिरवायला कोण गेलं? दुखणं कमी करून सांगता येतं, पण खुर्चीत बसून काढलेली रात्र कमी करून सांगता येत नाही. आणि बरोबर आलेल्या बायकोला किंवा मुलीला विचारावं. ती ‘ही इज नॉट हिमसेल्फ’ किंवा ‘ही इज जस्ट नॉट क्वाइट राइट’ म्हणाली, तर ते लिहून ठेवावं आणि तपासणी नीट करावी. त्यांच्याकडची ही तक्रार ऐकायला अस्पष्ट असते. वयस्क माणसात जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागल्याची पहिली खूण अनेकदा याच शब्दांत येते.

रुग्णालयांनी स्वतः या भाषेवर तोडगा काढलाय आणि तो फार साधा आहे. नर्सला ‘कसा वाटतोय पेशंट?’ विचारायचं नाही, आकडा विचारायचा. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिला ‘न्यूज टू’ म्हणतात. श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप, या सहांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण, आणि पेशंटला बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर आणखी दोन. बेरीज पाच किंवा जास्त झाली की डॉक्टरने तातडीने यायचं, सात किंवा जास्त झाली की आणीबाणी. आता ‘ही इज अ बिट ऑफ कलर, डॉक्टर, ही इज स्कोअरिंग एट’ असं वाक्य फोनवर येतं. पहिला अर्धा भाग, म्हणजे ‘जरा मलूल दिसतोय’, जुन्या सवयीचा आहे आणि राहू दे. कामाचा निरोप दुसऱ्या अर्ध्यात आहे. सूर नरम, आकडा स्पष्ट. माझ्या मते या भाषेच्या पोटात राहून तिच्यातला धोका काढून टाकण्याचा याहून चांगला उपाय नाही, कारण यात कुणालाही आपला स्वभाव बदलावा लागत नाही.

एवढं सगळं ऐकण्याबद्दल झालं. बोलताना आणि लिहिताना आपणही नकळत त्यांना चुकीचं ऐकवत असतो. जेवायला बोलावणाऱ्या ब्रिटिश यजमानीणबाईंना मनापासून ‘द केक वॉज क्वाइट गुड’ म्हटलं, की त्या हसून थँक यू म्हणतात आणि मनात केक फसल्याची नोंद करतात. तिथे ‘लव्हली’ म्हणावं, ते छोट्या प्रसंगाचं चलन आहे. यापेक्षा मोठं नुकसान शिफारसपत्रात होतं. आपल्याकडचे प्राध्यापक विद्यार्थ्यासाठी मनापासून, चांगल्या हेतूने लिहितात: ‘ही इज अ सिन्सिअर स्टुडंट अँड हिज प्रोग्रॅमिंग इज क्वाइट गुड.’ हे पत्र ब्रिटनच्या प्रवेश समितीपुढे गेलं की तिथला वाचणारा असं वाचतो: मेहनती आहे, पण हुशारीबद्दल लिहायला काही सापडलं नाही, आणि प्रोग्रॅमिंग बेताचंच. ‘क्वाइट’ काढून ‘व्हेरी’ घालून हे दुरुस्त होत नाही, कारण नुसत्या ‘व्हेरी गुड’वर तिथला वाचक भरवसा ठेवत नाही, भारतातून येणाऱ्या प्रत्येक पत्रात तो असतोच. त्याला वजन देते ती तुलना आणि घटना. ‘गेल्या पाच वर्षांत मी या विषयाला शिकवलेल्या सुमारे ३०० विद्यार्थ्यांत हा पहिल्या दहांत येईल. तिसऱ्या सत्रात त्याने प्रयोगशाळेची हजेरी नोंदवणारी प्रणाली एकट्याने लिहिली आणि ती विभागात अजून चालू आहे.’ या दोन वाक्यांत कौतुकाचं एकही विशेषण नाही, म्हणून ती कमी करूनही वाचता येत नाहीत. प्राध्यापकांना वेळ नसतो हे खरं आहे. तेव्हा पत्र मागायला जाताना विद्यार्थ्यानेच आपला वर्गातला क्रम, केलेलं काम आणि ते आज कुठे वापरात आहे, हे एका कागदावर लिहून सरांच्या टेबलावर ठेवावं, आणि ‘क्वाइट’ शब्द टाळा असं नम्रपणे सांगावं.